आरोग्य-संवाद : घड्याळ ‘ठीक’ म्हणाले, मग झटका कसा आला?



सांताक्रूझ पूर्वेच्या गोळीबार भागातून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. नाव छापू नका, अशी त्याने विनंती केली आहे. ती मान्य करून पत्रातला मजकूर थोडक्यात देतो.

त्याचे वडील रात्रपाळीचे काम करतात, वय चोपन्न. सुट्टीच्या रात्री सव्वादोनच्या सुमारास ते उठून बसले. छातीत दाटल्यासारखे, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दोन-तीन ढेकरा आणि पंखा चालू असताना बनियन भिजेल इतका घाम. आईने ओवा दिला, लिंबू-सोडा दिला. मुलाने दिवाळीच्या बोनसमधून हप्त्यावर घेतलेले घड्याळ आपल्या मनगटावरून काढून बाबांच्या मनगटावर बांधले. ऑक्सिजन आला ९७. मग दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या बाजूच्या बटणावर ठेवून ई.सी.जी. काढला. पडद्यावर आले ‘Sinus Rhythm’, ठोके ६२. पंचवीस मिनिटांनी पुन्हा काढला, पुन्हा तेच. सगळ्यांना धीर आला. “गॅसच आहे,” म्हणून बाबा भिंतीला टेकून बसून राहिले. सकाळी साडेसहाला उलटी झाली आणि चेहरा पांढरा पडला, तेव्हा रिक्षाने रुग्णालयात नेले. तिथे ई.सी.जी. काढल्याबरोबर डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका आहे आणि फार वेळ गेला आहे.

बाबा वाचले. नळीत स्टेंट बसवला. पण आता एक जिना चढला तरी थांबावे लागते. मुलगा लिहितो, “सर, घड्याळ खोटे बोलले, की माझे चुकले? आई काही बोलत नाही, पण मला झोप येत नाही.”

मी सत्तावीस वर्षे रुग्णालयात ई.सी.जी. काढण्याचे काम केले. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ होतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामाच्या बाजूने देतो. बाळा, घड्याळ खोटे बोलले नाही. त्याला विचारलेला प्रश्न एक होता आणि तुम्ही ऐकलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे होते.

आपण सांताक्रूझची माणसे, म्हणून आपल्याच इथला दाखला देतो. मुंबईचा पाऊस हवामान खाते दोन ठिकाणी मोजते, एक कुलाब्याला आणि एक आपल्या सांताक्रूझला. २६ जुलै २००५ चा दिवस कोण विसरेल? त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. कुलाब्याचे यंत्र बिघडलेले नव्हते. तिथे ७३ च पडला होता. पण त्या एका आकड्यावर विसंबून कोणी म्हणाले असते की मुंबईत आज बेताचा पाऊस आहे, तर इकडे वाकोल्यात माणसे गळ्याएवढ्या पाण्यात उभी होती. घड्याळाचा ई.सी.जी. हा असा एकाच ठिकाणचा पर्जन्यमापक आहे.

हृदय प्रत्येक ठोक्याला बारीकशी वीज निर्माण करते. ती अंगभर पसरते आणि कातडीवर मोजता येते. पण वीज मोजायला दोन टोके लागतात. घड्याळात एक टोक मागच्या बाजूला, डाव्या मनगटाला टेकलेले असते. दुसरे टोक म्हणजे बटण किंवा कडा, ज्यावर उजव्या हाताचे बोट ठेवायचे. म्हणजे घड्याळ डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंतची एकच आडवी रेघ पाहते. आमच्या भाषेत ही पहिली लीड. ही काही नवी गोष्ट नाही. हॉलंडच्या आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी माणसाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ई.सी.जी. काढला. त्याच कामाबद्दल त्याला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घड्याळाने त्यातली हातांची दोन भांडी तेवढी ठेवली आणि पायाचे भांडे काढून टाकले.

तुमच्या बाबांच्या बाबतीत नेमकी ही पायाचीच गोष्ट नडली. रुग्णालयात छातीवर सहा आणि हातापायांवर चार अशा दहा वायरी लावतात आणि त्यांच्या जोड्यांतून बारा बाजूंनी हृदय पाहतात. हृदयाची खालची भिंत पोटाच्या वरच्या पडद्याला टेकलेली असते. तिच्याकडे खालून पाहावे लागते. दुसरी, तिसरी आणि ए.व्ही.एफ. या तीन लीड ते काम करतात आणि तिन्हींना डाव्या पायाची वायर लागते. घड्याळाला पाय नाही. झटका खालच्या भिंतीला असेल, तर रुग्णालयातल्या कागदावर या तीन ओळींत ठोक्यानंतरची रेघ टेकाडासारखी वर उचललेली दिसते आणि नवशिक्यालाही ती ओळखता येते. हाताहाताच्या आडव्या ओळीत ती उचललेली नसते. पोटात जळजळ, ढेकर, मळमळ हीही या खालच्या भिंतीच्या झटक्यात नेहमी दिसणारी लक्षणे आहेत. म्हणूनच तो गॅस वाटतो.

तुम्ही पत्रासोबत घड्याळाच्या नोंदीचा छापील कागद पाठवला, तो मी भिंगाखाली पाहिला. ठोके सारख्या अंतरावर आहेत. प्रत्येक उंच टोकाच्या आधी छोटे टेकाड आहे. म्हणजे ताल नैसर्गिक आहे आणि ‘Sinus Rhythm’ या शब्दांचा अर्थ तेवढाच. पण उंच टोकानंतरची रेघ किंचित खाली झुकलेली आहे. खालची भिंत अडचणीत असताना आडव्या लीडमध्ये कधी कधी अशी उलटी सावली पडते. मग घड्याळाने ती सांगितली का नाही? कारण ते तिकडे बघतच नाही. आतला हिशेब फक्त ठोक्यांमधली अंतरे मोजतो आणि ताल कोणता ते सांगतो. अशा ॲपल घड्याळाच्या ई.सी.जी.ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये परवानगी दिली, ती तालातला एक विशिष्ट बिघाड ओळखण्यासाठी. हृदयविकाराचा झटका हे यंत्र शोधत नाही, असे कंपनीच सांगते. पण पहाटे अडीच वाजता इंग्रजीतली बारीक अक्षरे कोण वाचतो? आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो की झटका होता हे आज माहीत असल्यामुळे मला ती झुकलेली रेघ दिसली. त्या रात्री एवढ्याशा कागदावरून मीसुद्धा काही सांगू शकलो नसतो.

इटलीतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये घड्याळ मनगटावरून काढून छातीवर आणि पोटावर वेगवेगळ्या जागी टेकवले आणि एकेक करून नऊ लीड काढून पाहिल्या. ते जमले. पण ते प्रशिक्षित डॉक्टर होते. घरी घामाघूम माणसाच्या छातीवर घड्याळ फिरवत बसण्यात जाणारा वेळ रिक्षा शोधण्यात घालवावा.

आता ऑक्सिजनच्या ९७ कडे येऊ.

ऑक्सिजन मोजणारा चिमटा आपल्या घराघरांत करोनाच्या काळात पोहोचला. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या ताईंनी तुमच्याही बोटाला तो लावला असेल. तेव्हापासून ‘पंच्याण्णवच्या वर म्हणजे माणूस ठीक’ असे समीकरण डोक्यात बसले. करोनात ते बऱ्याच अंशी उपयोगी होते, कारण तो आजार फुप्फुसाचा होता. फुप्फुस खराब झाले की रक्तात ऑक्सिजन कमी भरतो आणि आकडा घसरतो.

बाबांचे फुप्फुस मात्र उत्तम होते. रक्त ऑक्सिजनने भरलेले होते. फक्त ते रक्त हृदयाच्या एका भागाला पोहोचवणारी नळी गुठळीने तुंबली होती. चाळीच्या गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण खालच्या मजल्याचा पाईप तुंबला आहे, असे समजा. टाकीत काठी घालून पाणी मोजले, तर भरलेलेच निघणार. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन ९७ आला, तर त्यावरून झटका नाही असे ठरत नाही. बहुतेक झटक्यांत सुरुवातीला तो चांगलाच असतो.

हा आकडा येतो कुठून, तेही समजून घ्या. ऑक्सिजन भरलेले रक्त लालभडक असते आणि उतरलेले काळपट. घड्याळ कातडीत तांबडा प्रकाश सोडते आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. परत आलेल्या प्रकाशातला जो भाग नाडीबरोबर कमीजास्त होतो, तेवढाच वेगळा काढून दोन्ही प्रकाशांचे प्रमाण पाहते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याची, १९७४ सालची. सारे जग त्यांच्या शोधाच्या चिमट्यावर नजर लावून बसले होते, त्याच एप्रिल २०२० मध्ये ते वारले.

चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो. मनगटात हाडे आहेत, प्रकाश आरपार जात नाही, म्हणून घड्याळ उलट परतलेल्या प्रकाशावर काम चालवते. तिथली नाडीची हालचालही बोटापेक्षा कितीतरी कमकुवत. त्यामुळे पट्टा सैल असला, हात हलला, हात गार पडला, की आकडा भरकटतो. मनगटाच्या त्या जागी गोंदण असेल, तर त्याची शाई प्रकाश अडवते. आपल्या आज्या-मावश्यांच्या मनगटावर हिरवे गोंदण असते. त्यांच्यावर घड्याळ कधी आकडाच देत नाही, तर कधी भलताच देते. नात घाबरून म्हणते, “आजीचा ऑक्सिजन ८६!” आणि आजी भाकरी थापत असते. अशा वेळी दहा मिनिटे शांत बसवावे, हात चोळून गरम करावा आणि बोटाच्या चिमट्याने मोजावे. नखाला रंग असेल तर पुसावा. चिमट्यावरचा नाडीचा आकडा आणि आपण मनगट धरून मोजलेली नाडी जुळली, तरच ऑक्सिजनचा आकडा विचारात घ्यावा.

कातडीच्या रंगाचीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णालयातल्या बोटाच्या चिमट्याचे आकडे प्रत्यक्ष धमनीतल्या रक्ताशी ताडून पाहिले. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात खरा ऑक्सिजन ८८ च्याही खाली होता, असे गोऱ्या रुग्णांत शंभरात साडेतीनच्या आसपास सापडले आणि कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ बारा. सावळ्या कातडीतला रंग प्रकाश शोषतो आणि यंत्राचा हिशेब तो धरत नाही. यंत्रे ज्यांच्यावर पारखली, त्यांत गडद कातडीची माणसे पुरेशी नव्हती. रुग्णालयातल्या चिमट्याची ही स्थिती, तर मनगटावरच्या घड्याळाचे काय सांगावे. आपल्यात गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे रंग आहेत. तेव्हा गडद वर्णाच्या माणसाला धाप लागली असेल आणि आकडा ९४ असेल, तर धापेवर विश्वास ठेवावा.

आणखी एक गैरसमज भगिनींच्या बाबतीत होतो. आकडा ९९ म्हणजे रक्त चांगले, असे नव्हे. सांताक्रूझ डेपोतून सुटलेल्या बसपैकी किती बस भरलेल्या आहेत, एवढेच हे यंत्र सांगते. मुळात किती बस सुटल्या, हे त्याला कळत नाही. अंगात रक्त निम्मे असले, हिमोग्लोबिन ७ वर आले, तरी जेवढे आहे तेवढे ऑक्सिजनने भरलेले असते आणि घड्याळ ९९ दाखवते. जिना चढताना दम, डोळ्यांपुढे अंधारी, फिकट नखे असतील, तर घड्याळ बाजूला ठेवून दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासावे.

बाजाराबद्दल दोन वाक्ये. स्टेशनबाहेर हजार-दीड हजाराला मिळणाऱ्या घड्याळांवरही ई.सी.जी. असे लिहिलेले असते. ते दुसऱ्या हाताचे बोट लावायला सांगत नसेल, तर ते ई.सी.जी. काढत नाही. हिरव्या दिव्याने नाडी पाहून नुसते चित्र काढते. ऑक्सिजनची परीक्षा हवी असेल, तर घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून बघा. टॉवेलचाही ऑक्सिजन ९८ आला, तर काय समजायचे ते समजा.

मुलाने शेवटी विचारले आहे, “मग घड्याळ विकून टाकू का?” विकू नका. ज्या प्रश्नासाठी ते बनवले आहे, त्याचे उत्तर ते चांगले देते. हृदयाचे वरचे दोन कप्पे कधी कधी नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. घड्याळ त्याला ‘Atrial Fibrillation’ म्हणते. ठोके कसेही, कोणत्याही अंतराने पडतात. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. आपल्या वस्त्यांत लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेल्या बायका असतात. त्यांना हा बिघाड तिशी-चाळिशीतही होतो. तो येतो आणि जातो. छातीत धडधडते तेव्हा दवाखाना बंद, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे शांत, मग तिथला कागदही चांगला येतो. इथे मनगटावरचे घड्याळ रुग्णालयाच्या मोठ्या यंत्राच्या पुढे जाते, कारण धडधडण्याच्या क्षणी ते हाताशी असते.

तेव्हा बाबांना धडधड जाणवली तर खुर्चीवर बसवा. हात टेबलावर टेकवा, पट्टा आवळा, बोट हलके ठेवा आणि तीस सेकंद कोणी बोलू नका. बोट दाबून धरले तर स्नायूंची थरथर रेघेत उतरते आणि पडद्यावर ‘Inconclusive’ येते. त्याचा अर्थ ‘कळले नाही’ एवढाच, ‘ठीक’ असा नाही. नोंदीवर वेळ आणि काय होत होते ते लिहा आणि छापून पुढच्या तपासणीला न्या. डॉक्टर ती रेघ स्वतः बघतील. घड्याळाने दिलेल्या नावावर ते औषध देणार नाहीत आणि देऊही नये. घड्याळ तुमचे आहे, त्यामुळे त्या रात्रीच्या नोंदी फोनमध्ये तुमच्या नावावर जमा झाल्या आहेत. त्यांवर ‘वडिलांची’ असे लिहून ठेवा. नाहीतर उद्या तुमच्याच तपासणीत गोंधळ होईल.

मात्र छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात भरून येणे, कारण नसता मळमळ, यांपैकी काही पुन्हा झाले, तर घड्याळाला काहीही विचारायचे नाही. १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिकेला उशीर होतो असे वाटले, तर मिळेल ते वाहन करून, ई.सी.जी. चोवीस तास निघतो अशा रुग्णालयात जायचे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन असो की नळी उघडणे असो, पहिल्या एक-दोन तासांत जे हृदय वाचते, ते सहाव्या तासाला वाचत नाही. तिथला पहिला ई.सी.जी. चांगला आला तरी लगेच घरी येऊ नका. रुग्णालयातही पहिला कागद कधी कधी स्वच्छ येतो. म्हणून थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन नावाची तपासणी करतात.

आता तुमचे चुकले का, याविषयी. तुम्ही वडिलांच्या उशाशी जागे होता आणि हाताशी होते ते साधन वापरले. त्या साधनाला पाय नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते. आईजवळ बसून हा लेख वाचून दाखवा. ओवा देण्यात तिचीही चूक नव्हती.

आणि एक काम आजच करा. बाबांच्या रुग्णालयातल्या बारा लीडच्या ई.सी.जी.ची झेरॉक्स काढून त्यांच्या पाकिटात ठेवा. पुढे कधी दुखले, तर नव्या कागदाशी ताडून पाहायला डॉक्टर जुना कागद मागतात. मूळ कागद उष्णतेने छापलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत त्यावरची रेघ उडून जाते. जपून राहावा म्हणून लॅमिनेशन करायला जाऊ नका. यंत्राच्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. असे काळे कागद घेऊन आलेले रुग्ण मी नोकरीत पुष्कळ पाहिले.